विहिरीचे दहा गुण

मच्छिंद्र गुरुजींशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण होतं सहा गुणांचं. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवाछपवी करायला नको.

साल त्र्याहत्तर, एप्रिल महिना. दुष्काळाचं दुसरं वर्ष. चौथीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर आपल्या शाळेतल्या गुरुजींनी तपासायचे नाहीत, असं आमच्याकडं ठरलेलं होतं. आजूबाजूच्या चार गावचे गुरुजी एका शाळेत जमायचे आणि एकमेकांच्या मुलांचे पेपर तपासायचे. खोलीत शेजारी मुलांना वाटायला शिजणाऱ्या सुकडीचा वास भरलेला. ईट गावच्या बाजूच्या एका वस्तीशाळेचा गठ्ठा माझ्या वाट्याला आला. मी तेव्हा तिशीतला, लाल पेनाचा मोठा अभिमान असलेला माणूस. शांतलिंग मास्तरांच्या हातून चूक सुटत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

भाषेच्या पेपरात परिच्छेद होता दहा गुणांचा, ‘आमच्या गावची विहीर’. गाइडातला नमुना मला पाठ होता आणि बहुतेक मुलांनाही. विहिरीचे पाणी थंड व गोड असते, स्त्रिया सकाळी पाणी भरतात, विहीर स्वच्छ ठेवावी. भर दुष्काळात पोरं थंड गोड पाणी लिहीत होती आणि मी आठ-आठ गुण देत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

मग सरू नावाच्या मुलीचा पेपर आला. तिनं लिहिलं होतं ते असं; दादा म्हणजे तिचे वडील. ‘आमच्या गावची विहीर आटली. दादा दोर धरून गाळ काढायला उतरले. खाली अंधारात ते दिसंना गेले. मी वरून हाक मारली. खालून ओ आली. मग मला भ्या वाटलं नाही.’ इथं मी ते शुद्ध करून दिलंय. कागदावर ऱ्हस्व-दीर्घाचा खेळखंडोबा होता. चुकीला अर्धा गुण कापत गेलो, विहिरीचे उपयोग नाहीत म्हणून आणखी कापले, आणि उरले दोन. एकूण बेरीज एकतीस. पास व्हायला पस्तीस लागत होते. मी पुढचा पेपर ओढला.

गठ्ठ्याच्या बेरजा पक्क्या व्हायच्या आधी ज्याच्या त्याच्या शाळेच्या गुरुजींना यादी दाखवायची पद्धत होती. मच्छिंद्र गुरुजी यादी घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. सडपातळ माणूस, डोक्याला पांढरी टोपी, आवाज खालचा. सरूचा बाप खडीच्या कामावर होता. पोरगी पास झाली तर पाचवीला घालतो, नापास झाली तर माझ्यासोबत खडी फोडायला नेतो, असं त्यानं गुरुजींना सांगितलेलं होतं. गुरुजींनी मला हे सांगितलं, आणि मी फणकारलो. दयेवर गुण वाटायचे तर पेपर कशाला घ्यायचा, असं मी चारचौघांत ऐकवलं.

“दया नका करू,” ते म्हणाले. “लाल पेन खाली ठिवा आन एकदा वाचा. मग तपासा.”

त्यांनी खिशातून वहीच्या पानाचा तुकडा काढला. त्यांच्या शाळेत परिच्छेद तपासायचे चार प्रश्न त्यावर होते. विषय धरला आहे का, दोन गुण. वाक्यं पुरी आहेत का आणि एकामागून एक येतात का, तीन गुण. स्वतः पाहिलेलं काही आहे का, तीन गुण. दुसऱ्याला वाचता येतं का, दोन गुण, शुद्धलेखन त्यातच. चुकांना लाल फुल्या मारायच्या नाहीत, एक-दोन शब्दच दुरुस्त करून दाखवायचे. आणि शेवटी दोन ओळी लिहायच्या, पहिलीत काय चांगलं झालं ते आणि दुसरीत पुढच्या वेळी करायची एकच गोष्ट. एकच का, असं मी खवचटपणे विचारलं. दहा गोष्टी सांगितल्या तर लेकरू एकही करत नाही आणि पुन्हा लिहीतही नाही, असं त्यांचं उत्तर.

मी वाचलं. पहिल्या वेळी मी वाचलंच नव्हतं, नुसतं तपासलं होतं. खालून आलेली ती ओ मला त्या उकाड्यात स्वच्छ ऐकू आली. विषयाला दोन दिले. वाक्यं पुरी होती, पण गाळ काढून पाणी लागलं की नाही ते राहिलं होतं, म्हणून तीनातले दोन. स्वतः पाहिलेल्याला तीन. अक्षर लागायला वेळ लागत होता, म्हणून दोनातला एक. झाले आठ. जुना आकडा खोडून शेजारी सही केली. एकूण सदतीस. थंड गोड पाण्याचे पेपर मग मी पुन्हा काढले. आठांचे सात केले, कारण तिसऱ्या प्रश्नाला कुणाकडंच उत्तर नव्हतं. पास-नापासात त्यानं फरक पडला नाही.

मला वाटलं, झालं. पण गुरुजी हलेनात. दोन ओळी लिहा म्हणाले. मुलांना पेपर परत मिळत नाहीत, लिहून उपयोग काय, असं मी म्हटलं. ते म्हणाले, मी पाठ करून तिला सांगतो. मग मी लिहिलं, ‘वडिलांची ओ वाचणाऱ्याला ऐकू येते. पुढच्या वेळी पाणी लागलं का तेही लिही.’ त्यांनी त्या ओळी दोनदा वाचल्या आणि बराच वेळ पेपर हातात धरून ठेवला.

“आमच्या गुरुजींनी माझी पाटी कधी हातात घेतली न्हाय,” ते म्हणाले. “लांबून बघायचे. बरंय म्हनायचे.”

मी पेपर त्यांच्या हातून घेऊन गठ्ठ्यात ठेवला.

पुढं आम्ही दर परीक्षेला शेजारी बसू लागलो. सरू पाचवीत गेली. सत्त्याहत्तर साली गुरुजींची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. कळंबच्या एसटी स्टँडवर मी त्यांना निरोप द्यायला गेलो, तेव्हा गाडी लागल्यावर त्यांनी एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. चेहऱ्यावर शाळकरी पोराचा संकोच. सावकाश तपासा, पोस्टानं धाडा म्हणाले, आणि गर्दीतून वर चढले.

घरी येऊन उघडला. विषय तोच, ‘आमच्या गावची विहीर’. ‘आमच्या गावची विहीर चिरेबंदी होती. आम्ही काठाखाली रिकामी घागर घेऊन बसायचो. कुणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं. रहाटाचा आवाज मला अजून ओळखू येतो. पाणी किती खोल होतं ते मला ठाऊक नाही.’

आमच्या गावात अशीच विहीर होती, आणि ओतणाऱ्यांत माझी आई होती. घागरीला घागर लागू नये म्हणून ती हात उंच धरायची. मी तिच्या पदराला धरून उभा असायचो आणि खाली बसलेल्या पोरांकडं बघायचो. ते आठवून मला रडू आलं. चार दिवस कागद टेबलावर पडून राहिला. पाचव्या दिवशी चारही प्रश्न विचारून मी दहा गुण दिले आणि खाली लिहिलं, ‘रहाट ऐकू आला. पुढच्या वेळी तुम्हाला काय वाटायचं तेही एका वाक्यात लिहा.’

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. वर ‘दुरुस्ती केली आहे’ एवढंच. खाली त्यांच्या गोल अक्षरात एक वाक्य.

‘एकदा वाकून आत बघावं, आपलं तोंड पाण्यात कसं दिसतं ते बघावं, असं फार वाटायचं.’