बाई उत्तम, कपाट भयंकर: दोन

आकड्यांवर माझा राग नाही, त्यांच्यावरच माझं पोट चालतं. राग आहे तो आकडा दिसला की डोकं बंद करणाऱ्या माणसांवर. नेदरलँड्समधल्या ब्रेडाच्या आमच्या ऑफिसात असा एक होता आणि आमचं नशीब असं की तोच मॅनेजर होता.

कंपनी घरपोच फर्निचर विकते. ग्राहकाचा फोन झाला की त्याला एक प्रश्न जातो: आमची कंपनी ओळखीच्यांना सुचवाल का, शून्य ते दहा? नऊ-दहा देणारे चाहते. शून्य ते सहा देणारे नाराज. सात-आठवाले एकूण संख्येत मोजायचे, पण ते ना इकडचे ना तिकडचे. चाहत्यांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की जे उरतं तो एनपीएस, उणे शंभरापासून अधिक शंभरापर्यंत कुठेही. दर महिन्याला तो मी काढायचे.

तक्रारींच्या फोनवर पुण्याची एक मुलगी होती. नवऱ्याच्या व्हिसावर आली, बरीच वर्षं घरात बसली, जिद्दीने डच शिकली आणि मग ही नोकरी मिळवली. वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट होतं. मधल्या काळात नवऱ्यापासून वेगळी झाली, आणि आता लेकीला घेऊन राहायला घर हवं होतं. कायम नोकरीचा कागद नसेल तर घरमालक फोनसुद्धा उचलत नव्हते. तो कागद द्यायचा की नाही, हे मॅनेजर ठरवणार होता.

"हिचा स्कोअर उणे आहे," तो मीटिंगमध्ये म्हणाला. "बुकिंगवाल्यांचा बघ, किती छान!"

"बुकिंगवाल्यांना लोक नवा सोफा घेताना फोन करतात," मी म्हटलं. "हिला करतात ते सोफ्याचा पाय मोडल्यावर. आणि प्रश्न कंपनीबद्दल आहे, तिच्याबद्दल नाही."

मी ग्राहकांचे शेरे वाचून दाखवले. एकाने लिहिलं होतं: 'बाई उत्तम. धीराने ऐकलं, दोन दिवसांत दारं पाठवली. पण कपाट बिनदाराचं आलंच कसं? भयंकर कंपनी.' मार्क दोन. तो दोन हिच्या नावावर. पुढचा शेरा: 'फारच छान मदत.' मार्क आठ. म्हणजे हिशेबात काहीच नाही.

"तुम्हा डच लोकांचा आठ म्हणजे शाबासकी," मी म्हटलं. "गेल्या महिन्यात तुझ्या मुलाला शाळेत दहापैकी आठ मिळाले म्हणून तू आम्हाला केक खाऊ घातलास. विसरलास?"

तो मनापासून हसला. "केक चांगला होता ना?" मग लॅपटॉप मिटत म्हणाला, "तुझं सगळं बरोबर आहे गं. पण टार्गेट अमेरिकेतल्या हेड ऑफिसने दिलंय, सगळ्या देशांना एकच. त्यांना आकडा लागतो, शेरे नाही."

म्हणजे मेल्याला कळत होतं! न कळणाऱ्याची मला कीव आली असती.

कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही, हे तिला त्याने कॉफी मशीनपाशी सांगितलं, सगळ्यांसमोर, कप भरता भरता. "लोकांशी बोलणं हा तुझा पिंड नाही, असं ग्राहकच म्हणतायत." ती "ओके" म्हणाली आणि त्याला साखरेची पुडी काढून दिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तर तिने माझा दंड दाबला. "ताई, राहू द्या."

जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही कंपनी तोच प्रश्न विचारते: इथे नोकरी करा, असं कुणाला सुचवाल का? निनावी म्हणे! त्या महिन्यात जाणारी ती एकटीच होती.

निकाल माझ्याकडे आला. दहा. शेऱ्याची जागा कोरी.

मी तिला फोन केला. "अगं, दहा? ह्यांना?"

"मग काय करू, ताई? शिफारसपत्र त्याच्याकडूनच घ्यायचंय. अजून दिलं नाहीये." मागे लेक डचमध्ये काहीतरी विचारत होती. "नवीन ठिकाणी ते मागतायत. तुम्ही प्लीज काही बोलू नका हं."

मी बोलले नाही. दहा म्हणजे चाहती. एकातला एक चाहता, नाराज शून्य. हिशेब चोख करून दिला.

महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये तो आकडा पडद्यावर आला, हिरव्या रंगात: सोडून जाणाऱ्यांचा एनपीएस, अधिक शंभर. "बघा," मॅनेजर म्हणाला, "आपण माणसांना किती चांगल्या रीतीने निरोप देतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला शिफारसपत्र अजून मिळालं नव्हतं, म्हणून मीही वाजवल्या.