दहा रुपयांचं पाणी

बेबाबाईला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. वरल्या वाडीची. साक्रीहून डोंगराकडे रस्ता चढतो, तो जिथे संपतो तिथे ही वाडी आहे. बाई बैठकीला आली की आधी चपला दाराबाहेर काढणार, मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणणार, "काय व कामिनी, चहा मांडेल शे का नही?" चहा झाल्याशिवाय तोंड उघडायची नाही, आणि एकदा उघडलं की मग शेजारच्या खोलीतला पंपसुद्धा ऐकू येत नसे.

मी अकरा गावांच्या पाणी योजनेत वसुली कारकून. धरणातून पाणी उचलायचं, शुद्ध करायचं, एका मोठ्या पाइपनं अकरा गावं आणि शेवटी वरली वाडी भरायची, असं आमचं काम. अक्का वाडीची प्रतिनिधी म्हणून समितीवर होती. ती तिथे उगाच आलेली नव्हती. तिची लेक वाडीखालच्या विहिरीत पाणी शेंदताना पाय घसरून गेली. मागे एक वर्षाची मयुरी ठेवून गेली. त्यानंतर या बाईनं कितीतरी वर्षं साहेबांच्या दारात बसून पाइप वाडीपर्यंत ओढून आणला. चढावरचा चर वाडीनं स्वतः खणला, पैसे न घेता. नळाला पाणी आलं त्या दिवशी अक्कानं विहिरीवरचा दोर कापून चुलीत घातला. आणि त्या वर्षीच्या श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट जेवायला मला बोलावलं. मी गेले, पोटभर जेवले, आणि मयुरीनं नळाखाली मला ओलंचिंब केलं. कार्टी हसून हसून लोळत होती.

आता दराचं सांगते, कारण पुढचं सगळं दरानंच झालं.

गावात किराण्याची दोन दुकानं चालतात, पाण्याच्या दोन पाइपलाइनी चालत नाहीत. एवढा पाइप जमिनीत घातल्यावर दुसरा कोण वेडा शेजारून घालील? म्हणून योजना एकटीच, आणि एकटी आहे म्हणून दर तिच्या मर्जीवर सोडत नाहीत. वरचं खातं मंजूर करील तोच दर. आमचा खर्च दोन तऱ्हेचा. एक बसल्या जागचा: पाइप दुरुस्ती, पगार, कर्जाचा हप्ता. पाणी थेंबभर दिलं नाही तरी हे बेचाळीस लाख वर्षाला लागणारच. दुसरा पाण्यामागचा: वीज, तुरटी, ब्लीचिंग. हजार लिटर जास्तीचं चढवायला सहा रुपये.

बरीच वर्षं दर सहाच होता. जेवढा जास्तीचा खर्च तेवढाच दर, म्हणजे पाण्यावाचून कुणी राहायला नको. मग बेचाळीस लाख कोण भरणार? वरून अनुदान यायचं. यायचं म्हणजे काय, आधी मार्चमध्ये, मग पुढच्या दिवाळीला, मग साहेब बदलले की. एकदा आलंच नाही. वीज कंपनीनं कनेक्शन तोडलं आणि अकरा गावं आठवडाभर टँकरमागे पळाली. लोकांनी शिव्या कुणाला दिल्या? मला! मी काय माझ्या पर्समध्ये लपवलं होतं अनुदान?

त्यानंतर धुळ्याहून वरच्या खात्याचे स्वप्नील साहेब आले. तरुण, स्वच्छ शर्ट, बोलणं गोड. म्हणाले, "सरासरीनं दर लावू. गेल्या साली तीन लाख युनिट पाणी गेलं. बेचाळीस लाख भागिले तीन लाख, चौदा. त्यात सहा मिळवा. वीस रुपये. तूट नाही, अनुदान नाही, कुणापुढे हात पसरायला नको." युनिट म्हणजे हजार लिटर.

समितीचा अध्यक्ष योगराज भाऊ. खालच्या गावचा, कापसावर बरं चाललेलं, माणूस लबाड नाही. तो खूश झाला. पण भागाकार गेल्या सालच्या पाण्यानं केला होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिप्पट दरानंही लोक तेवढंच पाणी घेतील, असं सगळ्यांनी धरून चाललं. आमच्याकडे सगळा हिशेब असाच होतो, गेल्या सालावर. लग्नाच्या पंगतीसुद्धा.

अक्का उठली. "वीस कोठून देसूत? अर्धी वाडी सहा महिने ऊसतोडीले जास."

मग तिनं जे सांगितलं ते मी कधी विसरायची नाही. वाडीच्या पायथ्याशी सगळ्या वाडीचं एकच मीटर होतं. वाडीत बसून त्यांनी घरोघर विचारून ठरवलं होतं: दहा रुपये झेपतील. ती म्हणाली, "तुमना खर्च सहा. आम्ही दहा देतस. चार तं तुमनाच पदरमा पडतस ना? आम्हले बंद करीसन काय भेटस तुमले?"

अहो, बरोबरच होतं ते! दहा दिले तर सहा जाऊन चार रुपये त्या बेचाळीस लाखांना लागले असते. वाडी सुटली तर सहाचा खर्च वाचणार, पण बेचाळीस लाखांतला एक रुपयाही कमी व्हायचा नाही. स्वप्नील साहेबांनाही ते कळत होतं, शिकलेला माणूस. ते पेन फिरवत म्हणाले, "अक्का, तत्त्वतः बरोबर आहे. पण एका योजनेत दोन दर मंजूर होत नाहीत. उद्या अकरा गावं म्हणतील आम्हालाही दहा."

आणि गावं तसं म्हणाली असतीच. योगराज भाऊच्या भावानं तर तिथेच बसून म्हटलं, "मंग आम्ही काय येडा शेत?"

योगराज भाऊनं अक्काला बाजूला घेतलं. मी तिथेच कप उचलत होते. म्हणाला, "अक्का, आता हात वर करा. दर एकदा मंजूर होऊ द्या, म्हणजे वीज तुटणार नाही. मग वाडीचं आपण घरच्या घरी बघू." घरच्या घरी! आमच्या खान्देशात हा शब्द आला की माणूस विरघळतो. लग्न, वाटणी, भांडण, सगळं घरच्या घरी. अक्कानं सगळ्या खोलीकडे पाहिलं. वीज पुन्हा तुटली तर वाडीलाही पाणी नव्हतंच. तिनं हात वर केला.

घरच्या घरी काहीच झालं नाही. तीन बिलं वाडीनं भरली. पहिलं कोंबड्या विकून, दुसरं कसंबसं, तिसरं अर्धं. मग वाडी बसली आणि ठरलं की नको. नियम होता की बंद करायचं तर प्रतिनिधीनंच व्हॉल्व्ह फिरवून द्यायचा, म्हणजे पुढे तक्रार नको. मी पंचनाम्याला गेले. अक्कानं दोन्ही हातांनी चाक फिरवलं. गंजलेलं होतं, अडत होतं. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "तू नको." मयुरी आता अकरा वर्षांची, पायरीवर बसून बघत होती. तिनं विचारलं, "आजी, आते पानी कोठून?" अक्कानं घरात जाऊन नवा दोर काढला. तो तिनं आधीच आणून ठेवला होता.

आणि वाडी एकटी सुटली असं नाही. ज्यांच्या शेतात बोअर होती त्यांनी खालच्या गावांत नळ तोडले. थंड पाण्याचे जार विकणाऱ्यानं स्वतःची बोअर मारली. वर्षअखेर पाणी गेलं फक्त दोन लाख दहा हजार युनिट. बसल्या जागचे बेचाळीस लाख मात्र बसल्या जागीच. ते आता थोड्याच लोकांवर पडले, माणशी जास्त. वीसच्या दरानं पुन्हा तूट, साडेबारा लाखांहून वर. म्हणजे ज्या तुटीला घाबरून दर वाढवला ती तूट परत दारात, आणि वर वाडी कोरडी!

साहेबांनी पुन्हा भागाकार केला. या वेळीही गेल्या सालच्याच पाण्यानं. बेचाळीस भागिले दोन पूर्णांक एक, वीस. अधिक सहा. सव्वीस.

मी म्हटलं, "साहेब, सव्वीस केल्यावर आणखी सुटतील." साहेब म्हणाले, "मग पुढच्या वर्षी बघू." माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते इथे लिहिता यायचं नाही.

ठरावाला महिला सदस्याची सही लागते. समितीत बाई एकच, अक्का. वाडीचं पाणी बंद झालं तरी तिचं नाव समितीवरून काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिला दोनदा निरोप धाडला, आली नाही. शेवटी योगराज भाऊ जीप काढून म्हणाला, "चल कामिनी, आपणच जाऊन सही आणू."

आम्ही वाडीत पोचलो तेव्हा अक्काच्या ओट्यावर बाया बसलेल्या होत्या. कुणी रडत नव्हतं, रडून झालं होतं. मयुरीला आदल्या दिवशी स्मशानात नेलं होतं. त्याच विहिरीवर, त्याच बाजूला, शेवाळावर पाय सटकला. दोर तिच्या हातातच होता, असं शेजारच्या लताबाईनं सांगितलं.

मी फाइल पदराखाली घेतली आणि भाऊला म्हटलं, "चला परत." तो मान खाली घालून उभा होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्वप्नील साहेब. भाऊ कोपऱ्यात जाऊन हळू बोलला, सांगितलं काय झालंय ते. मग थोडं ऐकलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. म्हणाला, "साहेबांना वाईट वाटलं. ते म्हणताहेत, मुदत आजचीच आहे. आलाच आहात तर..."

"लाज नाही का वाटत तुम्हाला?" मी ओरडले. सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. "सहीसाठी थांबणार तुम्ही इथे? माणसं आहात की कोण आहात?"

अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिनं हात पुढे केला. तो आवाज, पंप बुडवणारा, आता कान जवळ नेल्याशिवाय ऐकू येत नव्हता. "आण. कोठे करू?"

"अक्का, नको," मी म्हटलं.

"तुनी गरीबनी नोकरी शे. आण."

मी कागद दिला. तिनं पेन धरलं, आणि मग थांबली. सहीपुरतीच अक्षरं शिकलेल्या तिनं कागदावरच्या सव्वीसच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि योगराज भाऊकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, देवाशपथ सांगते. आशा होती. म्हणूनच मला आजही झोप लागत नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "घरना घरमा कमी व्हई गया का? दहा व्हई गया का?"

योगराज भाऊ जीपकडे बघू लागला. अक्कानं वाट पाहिली. मग तिनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर, जशी पाइप मंजूर झाला तेव्हा केली होती.