श्रुतिकाचं गळालेलं शून्य

आमची नात श्रुतिका पवईच्या एका कंपनीत नेमणुकीची पत्रं तयार करते. नोकरी अजून कच्ची. परवा मुलुंडला घरूनच काम चाललं होतं. नव्या साहेबाचा वर्षाचा पगार १.०८ कोटी; तिनं महिन्याचा आकडा लिहिला पंधरा लाख. मी देवगडच्या विहिरीची गोष्ट रंगात आणली होती.

"आजोबा, गप्प बसा ना!"

पाठवण्याआधी बारानं उलट गुणायची तिची सवय. आले एकशे ऐंशी लाख, म्हणजे १.८० कोटी! पोरीचा चेहरा पांढराफटक.

"वाट लागली असती! नोकरीच गेली असती माझी." मग मोठ्यानं वाचलं, "एक कोटी आठ लाख. म्हणजे एकशे आठ लाख. भागिले बारा, नऊ लाख."

पुन्हा गुणलं, जुळलं. पत्र गेलं.

"हं, आता सांगा, विहिरीत कोण पडलं?"