चार टक्के जास्तीचे

माझ्या नवऱ्याच्या जाण्याची किंमत चार टक्के धरली होती. अहवालातल्या एका तक्त्यात, बेरजेच्या आधीच्या ओळीत ती लिहिलेली होती, आणि मी तो अहवाल सदरमधल्या आमच्या ऑफिसात, माझ्या नेहमीच्या टेबलावर, कूलरसमोर बसून वाचत होते. रडू आलं नाही. डोक्यात आलं ते एवढंच, की ही ओळ इथं नको.

दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, मग ओठ आपलाच असून दुसऱ्याचा वाटतो. त्या उन्हाळ्यात मी सगळीच तशी होते. लोक भेटायला येत, हात धरून बोलत, आणि मी त्यांना चहा घेणार का म्हणून विचारी. तेराव्यानंतरच्या सोमवारी मी कामावर आले, तेव्हा ऑफिसातल्या बायकांना वाटलं मी फार धीराची. धीर कसला डोंबलाचा, मला काही जाणवतच नव्हतं.

माझं काम हेच आहे. एका सीएच्या ऑफिसात मी कंपन्यांच्या किमती काढते. कंपनी पुढं किती कमावेल याचा अंदाज घ्यायचा आणि त्या उद्याच्या पैशाची आजची किंमत काढायची. ती काढायला एक दर लागतो. भागधारक आपला पैसा या धंद्यात अडकवतो, तर त्याला वर्षाला किती टक्के मिळाले तर ते परवडलं म्हणायचं, तो हा दर. दर वाढला की किंमत उतरते. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं, पण जिथं धोका जास्त तिथं माणूस आज कमीच पैसे देणार, यात नवल ते काय.

आमचा कारखाना कळमेश्वरच्या एमआयडीसीत. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याखाली जे लोखंडी रोलर फिरतात, ते तिथं बनतात. भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, कारखाना बघायचे. ऑर्डर आणायचं काम माझ्या नवऱ्याचं. मौद्यापासून चंद्रपूरपर्यंत औष्णिक केंद्रांच्या खरेदी खात्यांत त्याच्या ओळखी होत्या, आणि गप्पा मारायला बसला की समोरच्याला घड्याळ बघायची सोय नसे. फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करताना त्याच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दोघा भावांचा अर्धा-अर्धा हिस्सा. करारात होतं, की एक गेला तर दुसऱ्यानं त्याचा हिस्सा त्रयस्थ व्हॅल्युअर ठरवेल त्या किमतीला घ्यायचा. मला वारस म्हणून विकायचाच होता, कारण लोखंडातलं मला काही कळत नाही आणि मुलगी बारावीत होती. तिचं शिक्षण आणि आम्हा दोघींचं पुढचं सगळं त्या एका किमतीवर उभं राहणार होतं.

अर्थातच व्हॅल्युअर मी असू शकत नव्हते. धरमपेठेतले एक गृहस्थ नेमले. पण पुढच्या पाच वर्षांचा कमाईचा अंदाज कंपनीनं द्यायचा असतो, आणि आमच्या कंपनीचे अंदाज लग्न झाल्यापासून मीच बसवत आले होते. त्याही वेळी मीच बसवला. भासऱ्यांनी न वाचता सही केली. तेही नेहमीचंच होतं.

आता अहवालातला तो तक्ता. पहिली ओळ बिनधोक दराची. काहीही जोखीम न घेता, दहा वर्षांच्या सरकारी रोख्यात पैसे ठेवले तर जे मिळतं ते, इथं सात टक्के. दुसरी ओळ बाजाराच्या अधिमूल्याची, म्हणजे शेअर बाजारात उतरणारा माणूस त्या सातावर आणखी किती मागतो ती. तेही सात. तिसरी ओळ बीटाची. बाजार हलला की हा धंदा त्याच्या किती पट हलतो, ते बीटा सांगतो.

आमच्या एवढ्याशा कंपनीचा शेअर बाजारात नाही, त्यामुळं तिला स्वतःचा बीटा नाही. अशा वेळी आपल्यासारख्या, पण बाजारात असलेल्या कंपन्यांचा उसना आणायचा. त्यांचा निघाला एक पूर्णांक दोन. पण त्यांच्यावर कर्ज जास्त, भांडवलाच्या निम्मं, आणि कर्जानं शेअर जास्त हलतो. म्हणून त्यांच्या कर्जाचा परिणाम आधी काढून टाकायचा आणि आपल्या कर्जाचा घालायचा. आपलं कर्ज भांडवलाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच. पंचवीस टक्के कर धरून मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. काढून टाकल्यावर शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी, परत घातल्यावर बरोबर एक. व्हॅल्युअरचंही तेच होतं. माणूस नीटनेटका होता.

सात, अधिक एक गुणिले सात. झाले चौदा. कंपनी छोटी म्हणून वर दोन, ते मीही धरले असते. सोळा. त्याखाली ती ओळ होती: प्रमुख व्यक्तीच्या निधनामुळे वाढलेली जोखीम, चार. एकूण वीस.

पाच वर्षांनंतर कमाई दरवर्षी चार टक्के वाढेल असं धरलं होतं. ती वाढ दरातून वजा होते, म्हणजे पुढच्या सगळ्या काळाच्या पैशाला एकतर बारा टक्क्यांनी भागायचं, नाहीतर सोळानं. त्या एका ओळीनं आमच्या हिश्श्याची जवळजवळ पाव किंमत खाल्ली होती.

मी व्हॅल्युअरना फोन केला. माझा आवाज रोजच्यासारखाच होता, उलट थोडा गोडच. मी म्हटलं, बीटात फक्त बाजाराबरोबर येणारी जोखीम येते. एका कंपनीतला एक माणूस जाणं ही त्या कंपनीपुरती गोष्ट. ज्याचा पैसा शंभर ठिकाणी वाटलेला आहे त्याला ती लागत नाही, म्हणून बाजार तिचा मोबदलाही देत नाही. ते म्हणाले, मॅडम, पुस्तकात बरोबर आहे, पण घरच्या कंपनीत मालकाचा सगळा पैसा एकाच ठिकाणी असतो, म्हणून आम्ही व्यवहारात थोडं वाढवतो. तेही खोटं नव्हतं. मग मी म्हटलं, ठीक, पण मग एकदाच वाढवा. ऑर्डरी आणणारा माणूस गेला म्हणून पहिल्या दोन वर्षांची विक्री अंदाजात आधीच कमी केलेली आहे. पैसेही कमी धरले आणि दरही वाढवला, म्हणजे एकाच माणसाला दोनदा मारलं.

हे शेवटचं वाक्य मी हिशेबाच्या भाषेत बोलले होते. पलीकडून मग कागद चाळल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, खरं आहे, दुहेरी मोजणी झाली. ते चार टक्के मी काढून टाकतो, फक्त तुमच्या भासऱ्यांना सांगावं लागेल, कारण चाराचा आग्रह त्यांचा होता.

फोन ठेवल्यावर मला राग आला. कितीतरी दिवसांत जाणवलेली ती पहिली गोष्ट, म्हणून मी तो राग जपूनच ठेवला. वरकरणी केवढे गरीब, आणि भावाची राख थंड होत नाही तोवर त्याच्या बायकोच्या हिश्श्याला कात्री. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि गाडी काढून कळमेश्वरला गेले. वाटेत भांडणाची सगळी वाक्यं तयार केली होती.

भासरे कारखान्यातल्या केबिनमध्ये बसले होते. नवऱ्याची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती आणि तिच्यावर कुणी फायलीसुद्धा ठेवल्या नव्हत्या. व्हॅल्युअरचा फोन त्यांना आला होता. मी काही म्हणायच्या आधी त्यांनीच सुरुवात केली. टेबलाकडे बघत बोलत होते, माझ्याशी ते तसंच बोलत आले आहेत.

"तुले वाटलं मी सस्त्यात घेऊन राहिलो. नाई वं बाई. त्यानं मले इचारलं, भाऊ गेल्यानं कंपनीले किती धोका वाढला, आकड्यात सांगा. लोकं दोन धरतात, तीन धरतात म्हणे. मी म्हटलं, चार धरा. माहा भाऊ काही दोन-तीनवाला नव्हता."

माझी तयार वाक्यं तशीच राहिली. या माणसानं तो आकडा मान म्हणून दिला होता. दर वाढला की किंमत उतरते हे त्यांना कुणी समजावून सांगितलंच नव्हतं, आणि त्यांना कळलं ते इतकंच, की आता तो मान मी काढून घेतला आहे. मी त्यांना सगळं समजावलं. वीस आणि सोळा, बारानं भागणं आणि सोळानं भागणं. लोखंडाच्या वजनात मुरलेला माणूस, त्यांना पटकन समजलं. कापली गेलेली पाव किंमत परत येते आहे, तुम्हाला तेवढे जास्त द्यावे लागतील, हेही मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली. पैशाबद्दल एक शब्द काढला नाही.

मग त्यांनी चष्मा लावला आणि तक्ता जवळ ओढला.

"ते चार काढले. मंग तो गेल्याचं धरलं कुठं?"

मी अंदाजाचं पान काढलं. विक्रीच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं, की पहिल्या वर्षी ऑर्डरी एवढ्या कमी, दुसऱ्या वर्षी ती घट थोडी लहान. त्यांनी आपलं बोट माझ्या बोटाच्या पुढं नेलं.

"आन् तिसऱ्या वर्षी?"

"पूर्ववत," मी म्हणाले.

"पूर्ववत मंजे तो होता तसं?"

"हो."

"हे कोणं लिहिलं?"

"मी लिहिलं, भाऊजी."

त्यांचं बोट तिसऱ्या वर्षावरच होतं. बाहेर लेथ चालू होती. मी त्यांना कारण सांगणार होते. ऑर्डरींसाठी नवा माणूस घेतला आहे, त्याच्या ओळखी व्हायला दोन वर्षं लागतील, माल तोच, गिऱ्हाईक तेच, तिसऱ्या वर्षी विक्री पहिल्यासारखी होईल. ते सगळं बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. मी तो अंदाज सरळ हातानं लिहिला होता, चहा पीत, आणि लिहून झाल्यावर मुलीचा डबा भरला होता.

मी तोंड उघडलं, पण कारण बाहेर आलं नाही. घशातून एक आवाज आला आणि मग थांबेना. लग्न होऊन आल्यापासून मी भासऱ्यांसमोर कधी मोठ्यानं हसलेसुद्धा नव्हते, आणि आता त्यांच्या टेबलावर, त्या पानावर डोकं ठेवून रडत होते. हेही जाणवत होतं, की हे दुखतं आहे, खरंच दुखतं आहे.

भासरे उठले. भिंतीला लावलेली खुर्ची त्यांनी ओढली, माझ्या शेजारी ठेवली आणि तिच्यावर बसले. मग माझ्या हाताखालून ते पान हळूच काढून घेतलं, या वेळी वरून खालपर्यंत वाचलं, खिशातला पेन काढला, आणि ओले झालेले आकडे पुसले जाणार नाहीत अशा बेतानं पहिल्या सहीखाली पुन्हा सही केली.