अध्यक्षांच्या प्रयत्नांमुळे

आमच्या मंडळात कुणाचं काही चांगलं झालं, की अभिनंदन मी लिहायचं, हे ठरूनच गेलं आहे. बँकेतून निवृत्त झाले त्याच महिन्यात मला चिटणीस केलं. कारण एकच, माझं मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही बरं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. या कन्नड शहरात, चामराजपेटेत, आम्हा मराठी माणसांच्या मंडळाची एक खोली आहे. तिथे एक कपाट, एक पंखा आणि अध्यक्षांची खुर्ची. अध्यक्ष म्हणजे आमचे अण्णा. कापडाचं दुकान मुलांवर सोपवलंय, पण अध्यक्षपद काही सोडलेलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हाही तेच अध्यक्ष होते.

आमच्या अभिनंदनात एक ओळ असतेच: मंडळाचे आशीर्वाद आणि अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांमुळे हे यश मिळाले. कोणी दहावी पास होवो, कोणाचं दुकान उघडो, ही ओळ हवीच. लग्नाच्या पंगतीत मीठ वाढतात तशी ती वाढायची. खाणारा खावो न खावो, पानात पाहिजे. लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही, हे आधीच कबूल करते.

आमच्या गल्लीतली एक मुलगी मल्लेश्वरमच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून निवडली गेली. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. पाच वर्षं ही पोर इंदिरानगरला एका ऑफिसात कंत्राटी काम करत होती, बसमध्ये उभ्यानं वाचत होती. लेखी परीक्षा, मुलाखत, आणि मग तात्पुरत्या यादीत पहिलं नाव. तात्पुरती म्हणजे दहा दिवस हरकती मागवतात, काही आलं नाही तर नेमणुकीचा हुकूम. आईला कुठला दम निघतोय. तिनं त्याच संध्याकाळी मला सांगितलं आणि मी लगेच कामाला लागले.

आधी ग्रुपचा मेसेज. तो सोपा. ‘आपली पोर’ असं सुरू केलं, तिच्या नावाला दोन्हीकडे चांदणी लावली म्हणजे ते ठळक दिसतं, खाली फुलं, जोडलेले हात, पेढे. आईच्या शिलाई मशीनचा उल्लेख घातला, कारण ग्रुपवर सगळे तिच्याकडूनच ब्लाऊज शिवून घेतात. आणि शेवटी आपली ती ओळ. अर्ध्या तासात शंभरावर अभिनंदनं आली. पोरीनं स्वतः हात जोडले. कोणालाही काही खटकलं नाही.

मग ईमेल. आमच्याकडे पद्धत आहे, माणूस नोकरीला लागला की त्याच्या साहेबाला मंडळातर्फे पत्र जातं. म्हणजे ही पोर उघड्यावरची नाही, तिच्या मागे चार माणसं आहेत, हे कळतं. पूर्वी लेटरहेडवर जायचं, आता मेलनं. मी विषयाची ओळ घातली, ‘माननीय प्राचार्य’ असं सुरू केलं, चांदण्या काढल्या, फुलं काढली, पेढे काढले. ‘आपली पोर’चं ‘आमच्या समाजातील सदस्या’ झालं. शिलाई मशीन गेलं, त्याजागी पदवी आणि अनुभव आला. सगळं इंग्रजीत, स्वच्छ. फक्त ती ओळ राहिली. अण्णांना वाचून दाखवल्याशिवाय मंडळाचा मेल जात नाही, आणि ती ओळ नसती तर त्यांनी चष्मा पुसत विचारलं असतं, मजकूर स्वल्प कमी वाटतोय का? म्हणून तिचं मी चोख इंग्रजी केलं आणि मेल पाठवला.

तिसरं म्हणजे कार्ड. सत्काराच्या दिवशी हातात द्यायचं, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून. कार्डात जागा कमी आणि अक्षरं मोठी, म्हणून छाटत छाटत तीनच गोष्टी उरल्या: तिचं नाव, तिचं पद आणि ती ओळ. प्रेसवाल्यानं फोनवर प्रूफ पाठवलं. त्यात अण्णांचं नाव पोरीच्या नावाहून मोठं होतं. मला हसू आलं. तरी मी त्याला ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, असं कळवलं.

चौथ्या दिवशी दुपारी पोरीचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

“अक्का, तुम्ही कॉलेजला काय लिहिलंत?”

मी म्हटलं, “अभिनंदन लिहिलं गं. नेहमीचं.”

“प्राचार्यांनी मला बोलावलं होतं. समोर कागद ठेवला. म्हणाले, तुमच्या अध्यक्षांनी तुमच्यासाठी कोणते प्रयत्न केले, कोणाला भेटले, ते मला लिहून द्या. फाईल थांबवलीय त्यांनी.” मग म्हणाली, “अक्का, मी इंदिरानगरचा राजीनामा दिलाय.”

मी फोन ठेवला आणि तो मेल उघडून वाचला. माझ्याच हातचा मजकूर, पण आता मी तो त्या प्राचार्यांच्या खुर्चीत बसून वाचत होते. आमच्या अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांमुळे आपल्या संस्थेत ही निवड झाली. खाली अध्यक्षांचं नाव आणि चिटणीस म्हणून माझं. वशिला लावल्याचा लेखी कबुलीजबाबच तो. ग्रुपवर जी ओळ कोणी वाचतसुद्धा नाही, तिनं एका पोरीची नोकरी धोक्यात आणली होती. पस्तीस वर्षं बँकेत पत्रं लिहिली मी. मला लाज वाटली, नुसती लाज.

पहिला फोन प्रेसवाल्याला केला. नशीब, छपाई झाली नव्हती. मग मंडळाच्या कपाटात प्रत म्हणून ठेवलेली जुनी कार्डं काढली, पिशवीत भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोनं मल्लेश्वरमला गेले.

प्राचार्य शांत माणूस. आवाज चढवला नाही, पण ‘बसा’ही उशिरा म्हणाले. मी कन्नडमध्ये सगळं सांगितलं. ही आमच्याकडची रीत आहे, अण्णा कॉलेजात कुणाला ओळखतसुद्धा नाहीत, चूक माझी आहे, पोरीला या मेलचं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, “असं प्रत्येकजण म्हणेल.” मग मी पिशवी उघडली. एकेक कार्ड समोर ठेवत गेले, वाचत गेले, कन्नडमध्ये अर्थ सांगत गेले. दहावीत पास, अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांमुळे. नवीन पिठाची गिरणी, अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांमुळे. एका म्हाताऱ्या काकांचा गुडघा बदलला, तेही त्यांच्यामुळेच. मग फोनवर गेल्या वर्षीचा मेसेज दाखवला. एका सूनबाईंना जुळं झालं होतं.

“हेसुद्धा?” त्यांनी विचारलं.

“हेसुद्धा,” मी म्हटलं. त्यांनी तोंडावर हात धरला, पण डोळे हसले.

शेवटी म्हणाले, “मला पटलं. पण मेल फाईलला लागलाय, तो काढता येत नाही. त्याच्यामागे दुसरा कागद लागला पाहिजे. अध्यक्षांनी सहीनिशी लिहून द्यावं, की मी कसलाही प्रयत्न केलेला नाही, कोणाला भेटलो नाही, फोन केला नाही. मग समिती ठरवेल.”

मी कार्डं गोळा करत होते. त्यातलं एक त्यांनी उचललं. जुनं, पिवळं पडलेलं. “हे कुणाचं?”

माझंच होतं. बँकेत लागले तेव्हाचं. पिशवीत कधी आलं, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“मग तुमच्या वेळी अध्यक्षांनी काय केलं होतं?” त्यांनी सहज विचारलं.

मी ते कार्ड त्यांच्या हातातून घेतलं. परीक्षा मी दिली होती, मुलाखतही दिली होती. पण घरात सगळे म्हणायचे, अण्णांनी शब्द टाकला म्हणून झालं. बाबाच म्हणायचे. आणि मी कधी विचारलंच नाही. दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन जायचं आणि अण्णांच्या पाया पडायचं, हे आमचं ठरलेलं. नोकरीत माझं कौतुक झालं की मला आतून वाटायचं, हे काही खरं माझं नाही. प्राचार्यांना काहीतरी पुटपुटून मी उठले.

तिथून तडक अण्णांकडे. कागद पुढे ठेवला. ‘मी कसलाही प्रयत्न केलेला नाही’ ही ओळ त्यांनी दोनदा वाचली.

“असं कसं लिहून द्यायचं? लोक काय म्हणतील?”

“लोक वाचणार नाहीत. कॉलेज वाचेल.”

“पण आशीर्वाद तर होता ना माझा?”

“आशीर्वादानं हुकूम निघत नाही, अण्णा. पोरीनं राजीनामा दिलाय. सही करा.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी असं बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. पेनाचं टोपण लावत म्हणाले, “खरंच आहे म्हणा. मी त्या कॉलेजची पायरीही चढलेलो नाही.”

मी पिवळं कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. “आणि माझ्या वेळी?”

“तुझ्या वेळी काय?”

“बँकेत कोणाला सांगितलं होतं तुम्ही?”

ते हसले. अगदी मोकळं, प्रेमळ हसले. “अगं, मला त्या बँकेत कोण विचारत होतं? तुझे वडील आले होते कार्ड छापायच्या आधी. म्हणाले, अण्णा, तुमचं नाव घाला. पोरीनं एकटीच्या जोरावर मिळवलं म्हटलं तर फार शहाणी वाटेल, स्थळं बिचकतील. मी म्हटलं, घाला. माझं काय जातंय?”

मी खुर्चीवर बसले. त्यांनी पाणी मागवलं, उन्हाचा त्रास झाला असेल म्हणाले. मी पाणी प्यायले. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली, त्यांना आता काय विचारणार? माझ्या भल्यासाठीच केलं असणार त्यांनी. तरी मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

कागद त्याच दुपारी कॉलेजात पोचवला. समितीनं पोरीचे लेखी परीक्षेचे गुण पुन्हा पाहिले, आणि पंधरा दिवसांनी हुकूम निघाला. त्या पंधरा दिवसांत तिची आई मला रस्त्यात भेटली की मान वळवायची. तिचं बरोबर होतं.

कार्ड मी नव्यानं लिहिलं. नाव, पद, आणि खाली: तू अभ्यास केलास, तुला मिळालं. प्रेसवाल्याचा फोन आला, अक्का, एक ओळ राहिली का? मी म्हटलं, नाही राहिली. सत्काराला अण्णांनी ते कार्ड पोरीच्या हातात दिलं. देण्याआधी चष्मा लावून वाचलं.

यंदाच्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. वाटी त्यांच्या हातात दिली, गोड बोला म्हटलं, आणि समोरच्या खुर्चीवर बसले. ते सवयीनं दोन्ही पाय पुढे घेऊन बसले होते.