दोनदा खोडलेली ओळ

आमच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या वर्गात हेडबाई आली तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि बाकीची मुलं एकोणीस-वीसची. बारा वर्षं तिने कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात रक्ताच्या नळ्यांचे ट्रे वॉर्डातून प्रयोगशाळेत पोचवले होते. मग साहेबांच्या मागे लागून लागून तिने वर्षभराची रजा मिळवली. अट एकच होती. अभ्यासक्रम पुरा झाल्यावर कॉलेजने 'वर्तन व काम निर्दोष' असं पत्र दिलं तर तंत्रज्ञाची जागा, नाहीतर परत ट्रे. घरी नवरा नाही, आठवीतली मुलगी. ती पोर रोज संध्याकाळी आईचा अभ्यास घ्यायची आणि चुकली की चक्क कान धरायला लावायची. हे हेडबाईनेच मला हसत सांगितलं होतं.

तिला हेडबाई हे नाव मुलांनी दिलं, कारण ती सगळ्यांना शिस्त लावायची. मी तिथे शिकवायचे. मला स्वतःला शिस्त लावायचा इतका कंटाळा की दुसरं कोणी ते काम करत असेल तर मी हात बांधून बघत बसावं. पुढे जे झालं त्यात माझ्या या आळसाचाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकते.

वर्गाची विकी, म्हणजे सगळ्यांना लिहिता-बदलता येईल अशी संगणकावरची सामायिक वही, ही तिचीच कल्पना. चोवीस जणांच्या चोवीस वह्या, प्रत्येकीत अर्धंमुर्धं. एकाला तास कळलेला असायचा, दुसऱ्याला फळ्यावरचं नीट उतरवता आलेलं असायचं, आणि परीक्षेच्या आठवड्यात फोटो काढण्यासाठी वह्यांची पळवापळवी. हेडबाई म्हणाली, सगळ्यांच्या टिपणांची मिळून एक जागा करू. वर्गाच्या संगणकावर विकी उघडली आणि भिंतीवर स्वतःच्या ठसठशीत अक्षरात नियम लावले. एका विषयाचं एकच पान. नवं पान काढण्याआधी शोधून बघा. ओळ लिहिली की पुढे ती कुठून आली ते लिहा, म्हणजे कोणत्या तासाला की कोणत्या पुस्तकात. काही बदललं तर कारण लिहा. आणि शेवटचा नियम: दुसऱ्याची ओळ खोडायची नाही. पटत नसेल तर पानाखालच्या चर्चेत लिहायचं आणि उत्तर मिळेपर्यंत दोन्ही ओळी राहू द्यायच्या.

नियम चांगले होते. मी ते वाचून मान डोलावली आणि त्यानंतर विकीचं एकही पान उघडलं नाही.

मौनी त्याच वर्गातली. इतकी कमी बोलायची की हजेरीला 'हजर' म्हटलं तरी शेजारची दचकायची. तिच्या वह्या मात्र मी तपासल्या होत्या. मी खोकले तर तेही तिने लिहून घेतलं असतं.

सहाव्या महिन्यात मुलं वॉर्डात जाऊ लागली. एका सकाळी मौनीने एका म्हाताऱ्या सुताराचं रक्त घेतलं. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन अकरा वाजता होतं. सोबतचा तंत्रज्ञ शेजारच्या खाटेकडे वळला होता. मौनीने सिरिंजने रक्त काढलं, एकेका नळीत भरलं, चिठ्ठ्या लावल्या, हात धुतले. सगळं शिकवल्यासारखं.

तासाभराने वॉर्डातून फोन. पोटॅशियम सात पूर्णांक तीन. पाचच्या वर थोडं गेलं तरी डॉक्टर भुवया उंचावतात. सातवर हृदय कधी थांबेल याचा नेम नसतो. मी वर पोचले तेव्हा सुताराच्या छातीला तारा लावल्या होत्या, नर्स औषध भरत होती आणि त्याची लेक दाराशी उभी राहून रडत होती. ज्याच्या जिवाचं चाललं होतं तो म्हातारा मात्र विचारत होता, "मला काय झालंय? मला तर भूक लागलीय."

मी अहवाल हातात घेतला. पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पाताळात. दोन्ही एकदम. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचं एक औषध असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. आधी जांभळी भरली, सुईचं टोक त्या औषधाला लागलं आणि मग पोटॅशियम मोजायची पिवळी भरली, की पिवळीत हाच खोटा आकडा येतो.

"थांबा," मी डॉक्टरांना म्हटलं. "औषध देऊ नका. मी स्वतः पुन्हा रक्त घेते."

हृदयाचा आलेख साफ होता म्हणून त्यांनी माझं ऐकलं. वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत मी खिडकीच्या काचेवरचे डाग मोजले. दुसरा आकडा आला, चार पूर्णांक चार. सुताराचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं आणि त्याला बिस्किटं मिळाली.

आता कोणाच्या तरी मानेवर सुरी फिरणार हे उघड होतं. प्राचार्यांनी दुपारीच मौनीला बोलावलं. "जांभळी आधी का भरलीस?" ती एवढंच म्हणाली, "पानावर तसंच आहे." त्यांनी पान उघडलं. खरंच होतं: जांभळी, पिवळी, निळी, राखाडी. ते तडकले. "ही पोरं एकमेकांचं वाचून शिकणार आणि माणसं मरणार! उद्या दहाला वर्गासमोर निकाल लावतो. विकी बंद, आणि ही मुलगी वॉर्डातून बाहेर." वॉर्डातून बाहेर म्हणजे वर्ष वाया. मौनीने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट खुपत होती. मौनीच्या वहीत क्रम बरोबर होता. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मग हिने पानाचं का ऐकलं?

चार वाजता मी वर्गात गेले. हेडबाई एकटीच संगणकासमोर बसली होती. पडद्यावर त्या पानाचा इतिहास होता, म्हणजे कोणी, कधी, काय बदललं याची यादी. वर्गातली मुलं पान वाचायची, इतिहासात कधी कोणी डोकावत नसे. मी कधीच नाही.

"मॅडम, बसा," ती म्हणाली.

यादी खालून वर वाचायची होती. आधी दोन पानं होती: एक नळ्यांच्या रंगांचं, एक रक्त भरण्याच्या क्रमाचं. एका विषयाचं एकच पान, म्हणून हेडबाईने ती दोन्ही एकत्र केली. एकत्र करताना क्रम तिने स्वतःच्या डोक्यातून टाकला. बारा वर्षं ट्रे उचलला होता तिने. ट्रेमध्ये सगळ्यात पुढे जांभळी, कारण तीच सगळ्यात जास्त लागते. ट्रेमधला क्रम तिच्या हातांत इतका मुरला होता की भरण्याचा क्रम वेगळा असू शकतो हे तिच्या मनातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मौनीने ओळ घातली होती. 'निळी, पिवळी, हिरवी, जांभळी, राखाडी. जांभळीतलं औषध पिवळीत गेलं तर पोटॅशियम खोटं वाढतं.' दोन तासांनी हेडबाईने ती खोडली. कारण: स्रोत नाही. पुढच्या आठवड्यात मौनीने पुन्हा घातली. पुन्हा खोडली. कारण: स्रोत नाही, नियम वाचावेत. चर्चेची जागा कोरी होती.

तिसऱ्यांदा मौनीने काही लिहिलंच नव्हतं.

"स्वतःचाच नियम मोडला मी," हेडबाई म्हणाली. "तिने तास लिहिला नाही म्हणून रागावले. आणि माझ्या ओळीपुढे तरी कुठे स्रोत होता? मला वाटलं, मला कोणाला विचारायची गरज काय? बारा वर्षं..."

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. तो तास माझा होता. ते पान मी एकदा जरी उघडलं असतं तरी चूक दोन सेकंदांत दिसली असती. मी तिला म्हणाले, आणि हे लिहितानाही लाज वाटते, "हे अजून कोणी पाहिलेलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. पत्राचं तिला ठाऊक होतं, मलाही. "पोरीला काय सांगू मी?" ती म्हणाली. मौनीबद्दल बोलतेय की स्वतःच्या लेकीबद्दल, ते मी विचारलं नाही. ती पिशवी उचलून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता चोवीस मुलं, प्राचार्य आणि मी. मौनी पहिल्या बाकावर, हात मांडीवर घट्ट. प्राचार्य बोलायला उभे राहिले तशी हेडबाई उठली. ती बोलेल की नाही याची मला खरंच खात्री नव्हती.

"सर, आधी पान बघा," ती म्हणाली, "आणि पानाचा इतिहासही." तिने तो भिंतीवरच्या पडद्यावर लावला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचली. स्वतःचं नाव, तारीख, 'स्रोत नाही'. पुन्हा स्वतःचं नाव. वाचताना ती अडखळली, पण एकही ओळ गाळली नाही.

प्राचार्य मौनीकडे वळले. "तुला बरोबर माहीत होतं. मग चुकीचं का केलंस?"

मौनी उभी राहिली. "दोनदा खोडलं ताईंनी," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच चुकतेय."

हेडबाईने तोंडाला पदर लावला.

त्यावर मग मी बोलले. सहा महिने पानं तपासणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही, हे सांगितलं. त्याने फारसं काही बदललं नाही, पण सांगितलं. मौनी वॉर्डात राहिली. विकी बंद झाली नाही. आता एकही पान माझ्या सहीशिवाय वाचायला खुलं होत नाही, आणि मी आळस करू शकत नाही. हेडबाईचं पत्र वर्षभर अडवलं गेलं. अभ्यासक्रम संपल्यावर ती परत ट्रे उचलू लागली, ज्या वॉर्डात मौनी रक्त घेते त्याच वॉर्डात. वर्षाने पत्र मिळालं, पण ते वर्ष तिने आणि तिच्या लेकीने कसं काढलं ते मी विचारलं नाही.

निकालाच्या त्या सकाळी बाकीचे गेल्यावर हेडबाई चुकीची ओळ काढायला बसली. मग थांबली आणि मौनीला हाक मारली. "तू लिही. मी हात लावत नाही."

मौनीने ओळ पुन्हा टाइप केली. पुढे स्रोत लिहिला: मॅडमचा तास, तारखेसकट. मग बदलाच्या कारणाची चौकट आली आणि ती बराच वेळ बटणांवर बोटं ठेवून बसली. हेडबाई पाठीमागे उभी होती.

शेवटी तिने लिहिलं: 'आधीही बरोबरच होतं.'