गोळ्या सोडलेल्यांना शोधणारी अकबरी

अकबरीमावशीला राग कधी येईल ते सांगता येत नाही, असं आमच्या दवाखान्यात म्हणतात. साफ खोटं. तिला तो आलेलाच असतो, दिसतो फक्त कधीकधी.

मी मावळातल्या एका सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची समुपदेशक आहे. ज्यांनी गोळ्या मधेच सोडल्या त्यांची यादी मी काढते आणि अकबरी त्यांना शोधून आणते. देहूरोडला राहते, पंचावन्नची आहे, नवरा गेलेला. खांद्यावर फॉल-पिकोच्या साड्यांची पिशवी. साड्या खरोखरच घेते आणि शिवून देते, त्यामुळे ती कुणाच्या दारात कशाला उभी आहे असं कुणी विचारत नाही. तिला स्वतःला एचआयव्ही आहे. तिचा मुलगा अडीच वर्षांचा होऊन गेला. पोटात असताना तिची तपासणीच कुणी केली नव्हती. हे ती एकदाच बोलली, आणि त्या दिवशी मलाच झापलं, कारण समोर मीच होते.

दोन वर्षांपूर्वी यादीत आदिनाथ होता. पत्ता खोटा, फोन बंद. महिनाभर हिंडून अकबरीनं त्याला मळवलीला गाठलं. एका बंगल्याची राखण करत होता. आणि अंगणात त्याची बायको भात पाखडत बसली होती, पाच महिन्यांची गरोदर.

अकबरी तडक माझ्या खोलीत आली. पिशवी टेबलावर आपटली.

"लगीन केलंय त्यानं. गोळ्या सोडल्या, आन लगीन केलं. पोरीला कायबी ठाऊक न्हाई."

मी नोंदी बघितल्या. बायकोचं नाव स्नेहल. तिसऱ्या महिन्यात तपासणी झालेली, निगेटिव्ह. सगळे निर्धास्त. अहो, तो कागद त्या दिवसापुरता खरा होता. नवरा गोळ्या घेत नाही म्हणजे त्याच्या रक्तात विषाणू माजलेला, आणि ती त्याच्याजवळ रोज झोपते. गरोदरपणात नव्यानं लागण झाली तर विषाणू जोरात वाढतो आणि बाळाला धोका सगळ्यात जास्त.

"आत्ता जाऊन सांगते तिला," अकबरी म्हणाली.

"नाही सांगायचं."

कायदा तसाच आहे. आधी नवऱ्याला समजवायचं, त्यानं स्वतः सांगावं म्हणून. तो सांगत नाही अशी खात्री पटली, तर 'आता मी सांगणार' असं त्याला बजावून समुपदेशकानं बायकोला समोर बसवून सांगायचं. अकबरीला तो अधिकार नाही. मी आदिनाथला बोलावलं, गोळ्या पुन्हा सुरू करून दिल्या, तिच्यापासून लांब राहा म्हणून दरडावलं आणि आठ दिवस दिले. तो मान हलवत राहिला. असल्या माणसांची मान फार छान हलते.

"त्याला आठ दिवस," अकबरी म्हणाली. "तिला किती दिलेत मॅडम?"

मी म्हटलं, नियम आहे. नियमाचं नाव घेतलं की मला बरं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

अकबरी रोज साड्यांच्या निमित्तानं त्यांच्या घरी डोकावून यायची; आठ दिवसांत त्यानं एक शब्द काढला नाही. नवव्या दिवशी मी स्नेहलला बोलावून सांगितलं आणि विचारून तिचं रक्त घेतलं. तीन वेगवेगळ्या किटवर तपासलं. तिन्ही पॉझिटिव्ह. बावीस वर्षांची पोर. रडली नाही, नुसती पदराचा काठ चोळत बसली. त्याच दिवशी गोळी सुरू केली. तीन औषधं एकाच गोळीत, रोज एक, जन्मभर.

आता एकच गोष्ट हातात होती, बाळ. आईच्या रक्तातले विषाणू वेळेत खाली आले तर बाळ सुटतं. तेहतिसाव्या आठवड्यात तिचं रक्त पाठवलं. विषाणूंचा आकडा हजाराच्या आत हवा होता. आला सव्वीसशे.

माझं डोकंच फिरलं. पोरगी गोळ्या चुकवते, असं ठरवून मोकळी झाले. अकबरी मात्र साडी न्यायच्या निमित्तानं तिच्या घरी गेली आणि चुलीपाशी बसून विचारत राहिली. एकही गोळी चुकलेली नव्हती. पण सासू शालूबाई उठायच्या आत स्नेहल पहाटे, रिकाम्या पोटी, ही गोळी, लोहाची आणि कॅल्शियमची, सगळ्या एका घोटात घ्यायची. एकदाच उरकतं म्हणून. लोह आणि कॅल्शियम त्या औषधाला पोटातच धरून ठेवतात, रक्तात पुरतं जाऊ देत नाहीत. हे मी तिला सांगितलं होतं. कधी, तर नवऱ्यानं फसवलं हे कळलं त्याच तासात. काय डोंबल शिरणार होतं डोक्यात? चूक तिची नव्हती, माझी होती.

अकबरीनं वेळा बांधून दिल्या. लोह, कॅल्शियम दुपारपर्यंत संपवायचं, ही गोळी रात्री जेवल्यावर. बाळंतपण माहेरी, भाजे गावात नाही, आमच्याकडेच, हे शालूबाईला पटवलं तेही तिनंच. "पोरीला रगत कमी हाय, तितं कोन बघनार?" हे खोटं नव्हतं, तिचं हिमोग्लोबिन आठ होतं.

मुलगी झाली. साधं बाळंतपण, फक्त एचआयव्ही आहे म्हणून पोट फाडायची गरज नसते. आकडा पुन्हा तपासायला सवड मिळाली नव्हती, म्हणून बाळ जास्त धोक्यातलं धरलं आणि पहिल्या तासाभरात दोन औषधं चालू केली, नेविरापिन आणि झिडोव्हुडिन. अंगावर पाजणार म्हणून बारा आठवडे. तेवढ्यात शालूबाईनं मधाचं बोट पुढं केलं. अकबरीनं मनगट धरलं.

"डॉक्टरचं औषद आन आईचं दूद. सहा महिनं तिसरं कायबी तोंडात जानार न्हाई. मध न्हाई, गुटी न्हाई, पानीबी न्हाई."

"आमी पोरं वाढवली न्हाईत व्हय?"

"वाढवली की. ही आमाला वाढवू द्या."

बाळाच्या आतड्याला वरचं काही सोसत नाही, आणि त्या दुखऱ्या आतड्यातून विषाणू आत शिरायला वाट मिळते. म्हणून एक तर नुसतं आईचं, नाही तर नुसतं वरचं. दोन्ही एकत्र नाही. अकबरी बारा आठवडे दर दोन-तीन दिवसांनी मळवलीला जायची. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्त घेतलं, विषाणू नाही. सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यातही नाही. मग अंगावरचं दूध तोडलं. अठराव्या महिन्याची शेवटची तपासणी मागच्या आठवड्यात झाली. निगेटिव्ह. बाळ सुटलं.

आदिनाथनं पेढे आणले. "देवाची कृपा," म्हणाला. अकबरीनं पेढा घेतला नाही.

तो बाहेर गेल्यावर स्नेहल अकबरीकडे वळली. मुलगी स्नेहलच्या मांडीवर झोपली होती. कालच्या भांडणात नवरा बोलून गेला होता: तुला त्या बाईनं तरी कुटं लगेच सांगितलं?

"मावशी, तुमाला माज्या आधी ठाऊक हुतं?"

"व्हय."

"किती दिस?"

"आठ."

"रोज चहा प्यायलात माज्या घरी तवा?"

"व्हय."

त्या आठ दिवसांत तिला लागण झाली नव्हती. तपासणीत दिसण्याइतकी जुनी होती, त्या आधीचीच. हे मला ठाऊक होतं. गप्प बसायला लावलं ते मी, हेही ठाऊक होतं. दोन्ही वाक्यं माझ्या जिभेवर होती. मी कागद नीट लावत बसले.

"माजं लेकरू वाचवलंत," स्नेहल म्हणाली. "पन माज्या दारात परत येऊ नका."

ती गेली. अकबरीनं पुढची यादी मागितली.